बडोद्यात दोन महिन्यांसाठी खोली: आधी कंपनीचा रस्ता, मग नदी, मग भाडं

प्रश्न: मी जळगावची, इलेक्ट्रिकल इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. १६ जून ते १४ ऑगस्ट बडोद्यात मकरपुरा जीआयडीसीमध्ये इंटर्नशिप मिळाली आहे, जनरल शिफ्ट. बडोद्यात ओळखीचं कोणी नाही. मैत्रीण म्हणते फतेहगंजला विद्यापीठाजवळ पीजी स्वस्त मिळतात, ५,५०० मध्ये. मांजलपूरला एक ७,००० चा दिसतोय, दोन वेळच्या जेवणासकट. स्वस्त तो घेऊ का? रोज जायचं-यायचं कसं? आणि आईबाबांना रात्रीची काळजी वाटते, त्यांना काय सांगू?

उत्तर:

मांजलपूरचा बघ. तिथलंही घर पाहिल्याशिवाय पैसे भरू नकोस, पण सुरुवात तिथून कर. मी बडोद्यातल्या एका कारखान्यात बरीच वर्षं ट्रेनी मुलामुलींची व्यवस्था बघते, आणि जून ते ऑगस्टमध्ये येणाऱ्या प्रत्येकाला खोलीआधी शहराचा नकाशा समजावून सांगते. तुझ्या तारखा म्हणजे ऐन पावसाळा, आणि पावसाळ्यात बडोदं विश्वामित्रीच्या हिशेबाने चालतं.

नकाशा असा आहे. विश्वामित्री नदी शहराच्या मधून उत्तरेकडून दक्षिणेकडे वळणं घेत जाते. रेल्वे स्टेशन, सयाजीगंज, विद्यापीठ, फतेहगंज आणि रुळांपलीकडची अलकापुरी हे सगळं नदीच्या पश्चिमेला. रावपुरा, दांडिया बाजार, राजमहालाचा परिसर आणि तिथून दक्षिणेला मांजलपूर, मकरपुरा हे पूर्वेला. फतेहगंजहून मकरपुऱ्याला जायचं म्हणजे रोज दोनदा नदी ओलांडायची: काला घोड्याचा पूल, भीमनाथचा पूल किंवा आणखी कुठला तरी. एरवी त्याने काही बिघडत नाही, थोडी वाहतूक लागते इतकंच. पण नदी भरली की पूल वाहतुकीला बंद करतात आणि शहराचे अक्षरशः दोन भाग होतात. ऑगस्ट २०२४ च्या पुरात हेच झालं. नदीची धोक्याची पातळी काला घोड्याजवळ २६ फूट धरतात, तेव्हा पाणी ३५ फुटांच्या वर गेलं होतं. त्याआधी ३१ जुलै २०१९ ला एका दिवसात सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस झाला होता. दोन्ही तारखा इंटर्नशिपच्या हंगामातल्याच आहेत. अशा वेळी जी मुलं कामाच्या बाजूला राहत होती ती खोलीवर पोचली, आणि जी पलीकडे राहत होती त्यांची सोय सहकाऱ्यांच्या घरी करावी लागली. म्हणून माझा पहिला नियम: खोली आणि कंपनी नदीच्या एकाच बाजूला.

अलकापुरीबद्दल कोणी सुचवलं तर एक जास्तीची गोष्ट लक्षात ठेव. स्टेशनजवळ रुळांखालून जाणारं अलकापुरीचं गरनाळं जोराच्या पावसात भरतं आणि बंद होतं. मग जेतलपूरच्या पुलावरून वळसा. राहायला भाग छान आहे, पण मकरपुऱ्यात काम असणाऱ्याला तिथून रूळही ओलांडायचे आणि नदीही.

एकाच बाजूला राहायचं म्हणून मांजलपूरमधली कुठलीही गल्ली चालेल असं मात्र नाही. नदी मांजलपूरच्या पश्चिमेने वडसरकडे जाते आणि त्या अंगाचा भाग सखल आहे. २०२४ ला समा, हरणी, कारेलीबाग, फतेहगंज, अकोटा, मुजमहुडा, वडसर अशा बऱ्याच भागांत पाणी शिरलं होतं, आणि एकाच भागात एक सोसायटी कोरडी तर पुढची कमरेएवढ्या पाण्यात असंही होतं. त्यामुळे भागाच्या नावावर जाऊ नकोस, ती इमारत बघ. कंपाउंडच्या भिंतीवर बाहेरून एका सरळ रेषेत रंग बदललेला दिसतो का, जिन्याजवळ खालच्या दोन-तीन फुटांतच नवीन गिलावा किंवा फुगलेला रंग आहे का, विजेचे मीटर नंतर वर चढवल्यासारखे वाटतात का, तळमजल्यावर राहणाऱ्यांनी फ्रिज उंच स्टँडवर ठेवलाय का, हे बघ. मग कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला सरळ विचार, ‘अहीं पाणी भराय छे?’ मालक याचं उत्तर देताना जरा सांभाळून बोलतो. किराणावाला हात करून दाखवतो की कुठपर्यंत आलं होतं. खोली पहिल्या किंवा दुसऱ्या मजल्यावरची घे. तळमजल्याची पाचशे रुपये स्वस्त असली तरी नको.

आता भाड्याचा हिशेब. ५,५०० आणि ७,००० हे आकडे शेजारी ठेवून उत्तर मिळत नाही, कारण पीजीचे नियम वर्षभर राहणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी बनवलेले असतात आणि तू साठ दिवसांची पाहुणी आहेस. तीन प्रश्न विचारायचे. एक, महिना तारखेपासून तारखेपर्यंत धरता की एक तारखेपासून? तू १६ जूनला येणार आणि १४ ऑगस्टला जाणार. कॅलेंडरचा महिना धरणाऱ्याकडे तुझे जून, जुलै, ऑगस्ट असे तीन महिने होतात, आणि अर्ध्या महिन्याचं पूर्ण भाडं घेणारे मालक कमी नाहीत. दोन, कमीत कमी किती महिने राहावं लागतं? तीन, खोली सोडताना किती दिवस आधी सांगायचं, आणि नाही सांगितलं तर डिपॉझिटमधून किती कापता?

समज, फतेहगंजचा मालक तीन महिन्यांचं भाडं घेतो. झाले १६,५००. रोजचं जाणं-येणं दूरचं, दिवसाला ६० रुपये धरले आणि कामाचे दिवस पन्नास, तर ३,०००. एकूण १९,५००, आणि जेवण त्यात नसेल तर डब्याचे वेगळे. मांजलपूरचा मालक तारखेपासून तारखेपर्यंत धरत असेल तर दोन महिन्यांचे १४,०००, जाण्यायेण्याचे दिवसाला २० प्रमाणे १,०००, एकूण १५,००० आणि जेवण त्यातच. हे आकडे तू तुला मिळालेल्या उत्तरांनुसार बदल, पण हिशेब असाच मांड. स्वस्त दिसलेली खोली इथे साडेचार हजारांनी महाग पडते.

मालकाने मांजलपूरलाही तीन महिन्यांची अट घातली तर घासाघीस भाड्यावर करू नकोस, डिपॉझिटवर कर. त्याला म्हण, पहिल्या महिन्याचं भाडं आणि तेवढंच डिपॉझिट मी आल्याच दिवशी देते, दुसऱ्या महिन्याचं भाडं डिपॉझिटमध्ये वळतं करा, विजेचं बिल जाताना वेगळं देईन. मालकाची भीती एवढीच असते की मुलगी मधेच निघून जाईल आणि खाट रिकामी राहील. दोन्ही महिन्यांचे पैसे पहिल्याच दिवशी त्याच्या हातात आले की ती भीती उरत नाही, आणि तुला ऑगस्टमध्ये डिपॉझिटसाठी त्याच्या मागे लागावं लागत नाही. ही बोलणी जूनच्या पहिल्या पंधरवड्यात सोपी जातात. पुढे विद्यापीठाचे नवे विद्यार्थी खोल्या शोधायला लागले की मालक वर्षभर राहणाऱ्यालाच पसंती देतो.

आल्याच दिवशी मालकाला व्हॉट्सॲपवर एक ओळ लिही: ‘मी १६ जूनला राहायला आले, १५ ऑगस्टला सकाळी खोली सोडणार आहे, हीच नोटीस समजावी.’ त्याने ‘हो’ लिहिलं की महिनाभर आधी सांगायची अट तिथेच पुरी होते. त्याच दिवशी खोलीचे, गादीचे, बाथरूमच्या नळाचे आणि एसी असेल तर त्याच्या सबमीटरच्या आकड्याचे फोटो काढून त्यालाच पाठव. जूनमध्ये पहिला पाऊस पडेपर्यंत इथे फार उकडतं आणि एसी रात्रभर चालतो. युनिटचा दर आधी ठरलेला नसला की खरा वाद त्यावरच होतो.

खोली न बघता ऑनलाइन पैसे पाठवायचे नाहीत, टोकन म्हणूनसुद्धा नाही. नेहमीचा प्रकार असा: फोटो देखणे, भाडं आजूबाजूच्यापेक्षा कमी, मालक ‘सध्या बाहेरगावी’ किंवा ‘फौजेत’, आणि खोली दाखवायच्या आधी गेटपास म्हणून किंवा नाव पक्कं करायला दोन हजार मागतो. पुढे ‘परत करतो’ म्हणून क्यूआर कोड पाठवतो. पैसे घ्यायला पिन कधीच टाकावा लागत नाही. पिन टाकलास की पैसे तुझ्याच खात्यातून जातात. असं झालंच तर लगेच १९३० ला फोन कर, कारण पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत अडवता येतात.

मग खोली बघणार कशी? १६ जूनला सोमवार असो वा नसो, तू दोन-तीन दिवस आधी ये, सोबत आई किंवा बाबा असू दे, आणि तेवढ्या रात्री लॉजवर किंवा नातेवाइकांच्या ओळखीत काढा. बडोद्यात मराठी घरं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. जळगावातल्या कुणाची तरी मावशी किंवा आत्या दांडिया बाजारात किंवा मांजलपुरात निघेलच, विचारून बघा. गाडी दिवसाउजेडी पोचणारी घ्या. स्टेशनातून बाहेर पडताना सयाजीगंजच्या बाजूला, म्हणजे एक नंबर फलाटाकडे या. एसटी डेपो आणि सिटी बसचं जनमहाल त्याच बाजूला जवळ आहेत. चुकून अलकापुरीच्या बाजूला उतरलात तर सामान घेऊन उगाच वळसा पडतो.

खोली दोनदा बघायची. एकदा दुपारी, पाणी, संडास-बाथरूम, खिडकीच्या जाळ्या आणि खोलीत नक्की किती खाटा आहेत ते बघायला. दुसऱ्यांदा रात्री आठच्या सुमारास, मुख्य रस्त्यापासून पीजीच्या दारापर्यंत स्वतः चालत. मुलींच्या बाबतीत मी हा शेवटचा टप्पा सगळ्यात जास्त तपासते. मुख्य रस्त्यावर माणसं असतात, दुकानं उघडी असतात. आतल्या गल्लीत दिवे लागलेत का, रिकामा प्लॉट किंवा बंद बंगला किती लांब आहे, शेवटचं उघडं दुकान कुठलं, हे दुपारी कळत नाही. पाच-सात मिनिटांपेक्षा जास्त अंधारी चाल असेल तर खोली कितीही चांगली असली तरी सोडून दे. तिथे राहणाऱ्या एखाद्या मुलीशी मालकिणीच्या गैरहजेरीत दोन मिनिटं बोल. गेट किती वाजता बंद होतं, उशीर झाला तर कोण उघडतं, रविवारी संध्याकाळी जेवण असतं का, हे तिच्याकडून खरं कळतं. बऱ्याच ठिकाणी रविवारी रात्री स्वयंपाकघर बंद असतं. आणि बहुतेक पीजी पक्के शाकाहारी असतात, अंडंसुद्धा चालत नाही. ते आधी मान्य असेल तरच राहा.

मालक तुझा फोटो, आधारची प्रत आणि कंपनीचं पत्र मागेल. भाडेकरूची माहिती पोलिसांत देणं मालकावर बंधनकारक आहे, त्यामुळे मागितलं तर शंका घेऊ नकोस. उलट ‘त्याची काही गरज नाही’ म्हणणाऱ्याकडे राहू नकोस. पोलिसांची नोंद पूर्ण आधारवर होणार असेल तर तसं दे, पण प्रतीवर आडवं लिही: ‘फक्त भाडेकरू नोंदणीसाठी’, तारीख आणि सही. बाकी ज्यांना नुसती ओळख हवी असते त्यांना मास्क्ड आधार पुरतं, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात आणि ते यूआयडीएआयच्या साइटवरून उतरवता येतं. आणखी एक, गुजरातेत दारूबंदी आहे आणि ती कायद्याची आहे. महाराष्ट्रातून येणाऱ्या कुणाच्या तरी बॅगेत ‘मित्रासाठी’ बाटली असते. अशी बॅग तुझ्या खोलीवर ठेवून घेऊ नकोस.

जाण्यायेण्याचं. सगळ्यात आधी कंपनीच्या एचआरला मेल करून विचार की स्टाफ बस आहे का, इंटर्नला तीत बसू देतात का, आणि मांजलपूरमध्ये ती कुठे कुठे थांबते. थांब्यांची यादी आणि वेळा लेखी माग. हे उत्तर खोली ठरवायच्या आधी हवं, कारण थांब्यापासून चालत पाच मिनिटांवरची खोली मिळाली तर तुझे अर्धे प्रश्न तिथेच संपतात. बस नसेल तर सिटी बस आणि शटल. शटल म्हणजे ठरावीक रस्त्यावर माणशी भाडं घेऊन धावणारी रिक्षा. सकाळी आणि संध्याकाळी शिफ्टच्या वेळी जीआयडीसीच्या रस्त्यावर ती भराभर मिळते. तिचं भाडं तिथे रोज जाणाऱ्या बाईला विचार आणि सुटे पैसे जवळ ठेव. पूर्ण रिक्षा करायची असेल तर बसायच्या आधी भाडं ठरव, किंवा ॲपवरून बोलाव म्हणजे गाडीचा नंबर आणि मार्ग घरी पाठवता येतो. खोली पक्की झाली की रुजू होण्याआधी एकदा कामाच्या दिवशी, खऱ्या वेळेला कंपनीच्या गेटपर्यंत जाऊन ये. सुट्टीच्या दिवशी केलेली फेरी फसवते, त्या दिवशी शटल कमी असतात आणि रस्ता मोकळा असतो.

जीआयडीसीची एक खोड आहे. शिफ्ट सुटते तेव्हा रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते, आणि अर्ध्या-पाऊण तासात तोच रस्ता ओस पडतो, फक्त ट्रक उभे असतात. म्हणून शिफ्टबरोबर निघ. ‘जरा हे टेस्टिंग पूर्ण करून जा’ असं कोणी म्हटलं तर तेव्हाच विचार, ‘मला घरी सोडायला गाडी कोणती आहे?’ हा प्रश्न उद्धटपणाचा नाही, चांगला सुपरवायझर लगेच गाडीचं बघतो. रिक्षाची वाट चौकात बघू नकोस, गेटच्या सिक्युरिटी केबिनमध्ये बस. तिथल्या गार्डना पहिल्या आठवड्यातच आपलं नाव आणि कुठे राहते ते सांगून ठेव.

आईबाबांना मी असं सांगेन: दर तासाला फोन करू नका, दोन मेसेज ठरवा. संध्याकाळी गाडीत बसल्यावर एक, खोलीवर पोचल्यावर एक. दुसरा मेसेज नेहमीच्या वेळेपेक्षा पाऊण तास उशिरापर्यंत आला नाही आणि फोनही लागला नाही, तर त्यांनी तुलाच पुन्हापुन्हा फोन लावत बसायचं नाही. बडोद्यातल्या तीन माणसांना या क्रमाने फोन करायचा: पीजीची मालकीण, तुझ्याबरोबर काम करणारी एक मुलगी, कंपनीचा एचआर किंवा गेटची केबिन. हे तीन नंबर पहिल्या आठवड्यात जळगावच्या घरी कागदावर लिहिलेले असू देत. जळगावहून कोणी चार तासांत पोचत नाही, इथली माणसं वीस मिनिटांत पोचतात. तुझ्या फोनमध्ये ११२ आणि १८१ हवेत. १८१ ही गुजरातची ‘अभयम्’ महिला हेल्पलाइन आहे. रस्त्यात कोणी पाठलाग करत असेल किंवा पीजीत कोणी त्रास देत असेल तर त्या समुपदेशक बोलतात आणि गरज पडली तर गाडी पाठवतात.

पुन्हा पावसाकडे येते, कारण बाहेरून आलेली मुलं इथेच हमखास फसतात. पाऊस थांबला की धोका गेला असं त्यांना वाटतं. विश्वामित्री पावागडकडून येते आणि शहराच्या वर आजवा सरोवर आहे, त्याचंही पाणी हिच्यातच सुटतं. त्यामुळे शहरात ऊन पडलेलं असताना नदी काही तासांनी चढते. जोराच्या पावसात इथली माणसं दोन आकडे बघतात: आजव्याची पातळी आणि काला घोड्याची पातळी. दोन्ही स्थानिक बातम्यांत दर काही तासांनी येतात. काला घोडा २० फुटांच्या वर आणि वाढता असेल, तर त्या दिवशी नदी ओलांडायचं कुठलंही काम काढू नकोस, स्टेशनकडे जायचंसुद्धा नाही. कामावर असशील तर दुपारीच निघायची परवानगी माग.

पाणी भरलेल्या भागात वीज कंपनी खबरदारी म्हणून पुरवठा बंद करते. मग पंप चालत नाही आणि टाकीचं पाणी संपतं. म्हणून इशारा आला की पॉवर बँक, दोन बादल्या आणि पिण्याच्या बाटल्या भरून ठेव, थोडी रोकड जवळ असू दे, आणि दोन दिवस पुरेल असा खाऊ. साचलेल्या पाण्यातून चालत जाऊ नकोस, घोटाभर दिसलं तरी. खाली उघडं गटार असतं, खांबात करंट उतरलेला असतो, आणि विश्वामित्रीत मगरी आहेत. पुरात त्या सोसायट्यांमध्ये येतात हे खरं आहे, दर मोठ्या पुरात वनखात्याची आणि स्वयंसेवकांची माणसं त्यांना पकडून नेतात.

राहिलं परतीचं तिकीट. रेल्वेचं आरक्षण आता प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं. तू ज्या दिवशी रुजू होशील, १६ जूनला, त्याच दिवशी १५ ऑगस्टचं बुकिंग सुरू होईल, आणि १४ चं आदल्या दिवशी. सुट्टीला लागून असल्यामुळे सुरतेवरून जळगावकडे जाणाऱ्या गाड्या तेव्हा लवकर भरतात. १४ ला संध्याकाळी घाईने निघण्यापेक्षा १५ ची सकाळची गाडी धर, आणि खोलीची मुदत मालकाशी बोलतानाच १५ च्या सकाळपर्यंत मागून घे. एका रात्रीसाठी सुरुवातीला कोणी नाही म्हणत नाही.